उजवीकडची वाट ७६० मीटरवर: रेंज नसलेल्या डोंगरात फोनवरच्या नकाशासोबत दोन दिवस

गुरुवार, रात्री

चालायचं शनिवारी आणि रविवारी, पण फोनचं काम आजच संपवावं लागतं. उद्याची रात्र प्रवासात जाते आणि पायथ्याच्या चार किलोमीटर अलीकडेच रेंज संपते.

मार्ग असा आहे. शनिवारी ३६० मीटर उंचीच्या पायथ्यावरून एका लांब सोंडेने चढून ११४० मीटरवरच्या पठारावर मुक्काम. अंतर ११ किलोमीटर, चढ ७८० मीटर. रविवारी पठाराच्या दुसऱ्या टोकाला १०८० मीटरवर एक खिंड आहे, तिथून घळीत उतरायचं. घळ शेवटपर्यंत उतरता येत नाही. साधारण ७६० मीटरवर उजव्या बाजूला एक आडवी वाट फुटते, ती पकडून शेजारच्या सोंडेवर जायचं आणि सोंडेने खाली. रविवारचं अंतर ८ किलोमीटर. सगळ्या प्रवासाची मेख त्या उजव्या वाटेत आहे, म्हणून आजची तयारी तिच्याभोवतीच फिरते.

नकाशासाठी `OsmAnd` आणि `Organic Maps` ही दोन ॲप दोन वेगवेगळ्या फोनवर घेतली आहेत. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपचाच डेटा वापरतात. त्यामुळे एका नकाशात वाट चुकीची असेल तर ती बहुधा दुसऱ्यातही चुकीचीच असेल. दोन ॲप म्हणजे दोन साक्षीदार नव्हेत. दुसरा फोन आहे तो पहिला पडला, भिजला किंवा बंद पडला तर हाताशी असावा म्हणून.

मार्गाच्या दोन जीपीएक्स फायली, म्हणजे वाटेचे बिंदू ओळीने साठवलेल्या फायली, मिळाल्या आहेत. दिसायला दोन्ही सारख्या, १९ किलोमीटरची एक निळी रेषा. फरक कळतो तो फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडल्यावर. प्रत्यक्ष चालून नोंदलेल्या फायलीत प्रत्येक बिंदू असा दिसतो:

```
<trkpt lat="..." lon="...">
  <ele>688.4</ele>
  <time>2024-01-14T04:12:35Z</time>
</trkpt>
```

पहिल्या फायलीत `<time>` कुठेच नाही आणि सगळे मिळून बिंदू आहेत ८४. म्हणजे सरासरी दर २२६ मीटरला एक. ही रेषा कोणी चाललेलं नाही, घरी बसून माऊसने काढली आहे. दुसरीत ४१०० बिंदू आहेत, दर साडेचार-पाच मीटरला एक, आणि प्रत्येकाला वेळ आहे. शेवटचा `Z` म्हणजे ती वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार आहे. तिच्यात आपल्या घड्याळाचा फरक मिळवल्याशिवाय 'ते लोक घळीत किती वाजता होते' याचा हिशोब करू नये.

वेळ नसली म्हणून फाइल लगेच खोटी ठरत नाही, कारण काही ॲप निर्यात करताना वेळ गाळतात. पण वेळ नाही आणि बिंदूही विरळ, अशी जोडी दिसली तर ती रेषा डोंगरावर वापरू नये. इथे त्याचा थेट पुरावा मिळतो: ८४ बिंदूंची रेषा ७६० मीटरवर उजवीकडे वळतच नाही, घळीतून सरळ तळाला जाते. काढणाऱ्याला नकाशावर घळ मोकळी दिसली, म्हणून त्याने रेषा तशीच खाली नेली.

घळ मोकळी का दिसते हे समजून घेण्यासारखं आहे. बहुतेक मोफत नकाशांवरच्या समोच्च रेषा उपग्रहीय किंवा अवकाशयानातून घेतलेल्या उंचीच्या मोजणीतून काढलेल्या असतात. त्यातली सर्वांत जास्त वापरली जाणारी मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने रडारने केली. तिच्यात साधारण ३० मीटर बाजूच्या चौकोनाला एकच उंची मिळते. आता घळीत ७२० मीटरवर जो २५ मीटरचा उभा कातळटप्पा आहे, तोच घ्या. एका चौकोनाची उंची ७२०, पुढच्याची ६९५. नकाशाच्या दृष्टीने हा तीस मीटरमध्ये पंचवीस मीटरचा उतार झाला, म्हणजे चाळीस अंश. शेजारचे चौकोन मिसळले की तो आणखी सौम्य दिसतो. माणसाला दोरीशिवाय उतरता न येणारा कडा नकाशावर 'जरा तीव्र उतार' होऊन जातो. रेषा दाट दिसल्या तर उतार तीव्र असतोच. पण रेषा विरळ आहेत म्हणून कडा नसेलच, असं कधी धरू नये. त्यासाठी उपग्रहचित्र उघडून पाहावं. इथे घळीच्या खालच्या भागात आडवी काळी सावलीची पट्टी स्पष्ट दिसते.

म्हणून ४१०० बिंदूंची फाइल ठेवली आणि दुसरी फोनवरून काढून टाकली. ती नुसती लपवून भागत नाही. धुक्यात घाईने बोट चुकीच्या रेषेवर पडतं.

ठेवलेली फाइलही जशीच्या तशी घ्यायची नाही. तिच्यात सुरुवातीचे दोन किलोमीटर ताशी ३५ किलोमीटर वेगाने गेले आहेत, म्हणजे नोंद गाडीत बसूनच सुरू झाली. पठारावर एका जागी रेषा ३०० मीटर बाहेर जाऊन त्याच वाटेने परत येते. तिथे ते लोक चुकले आणि मागे फिरले. असा दुहेरी फाटा कापू नये. उलट तिथे 'इथे चुकतात' अशी खूण करून ठेवावी, कारण ज्या वळणावर ते फसले त्याच वळणावर पुढचा गटही फसतो.

आता उंची. फायलीत उजव्या वाटेच्या फाट्याचं `<ele>` ६८८ आहे आणि समोच्च रेषा तिथे ७६० सांगतात. कोण खरं? पायथ्याशी पाहिलं तर फाइल २८८ म्हणते आणि नकाशा ३६०. फरक दोन्हीकडे ७२ मीटर. सगळीकडे सारखाच राहणारा असा फरक ही चूक नसते, मोजण्याचा पाया वेगळा असतो. जीपीएस मुळात पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती लंबगोलापासून उंची मोजतं आणि नकाशा समुद्रसपाटीपासून. या दोन पृष्ठभागांतलं अंतर जागेनुसार बदलतं: हिंदी महासागरात समुद्रसपाटी लंबगोलाच्या सुमारे १०६ मीटर खाली आहे, तर न्यू गिनीजवळ सुमारे ८५ मीटर वर. काही ॲप हा फरक आपणहून वजा करतात, काही करत नाहीत. `OsmAnd` मध्ये त्यासाठी उंची-दुरुस्तीची वेगळी फाइल उतरवून घेता येते. आपल्याला एवढंच पक्कं करायचं की रविवारी हातातला आकडा आणि नकाशातला आकडा एकाच पायावर असतील. फाट्यावर वेपॉइंट, म्हणजे नकाशावरची खूण, टाकला आणि त्याच्या नावातच उंची लिहिली: `EXIT R 760`. कातळटप्प्याच्या वर दुसरा: `STOP 720`. नावात उंची असली की ती वाचायला खूण उघडून बघत बसावं लागत नाही.

शेवटी चाचणी. फोन फ्लाइट मोडवर टाकायचा, ॲप सेटिंगमध्ये जाऊन `Force stop` करायचं, मग पुन्हा उघडायचं. पूर्ण बंद करणं महत्त्वाचं आहे. नाहीतर थोड्या वेळापूर्वी पाहिलेले नकाशाचे तुकडे तात्पुरत्या साठ्यातून दिसतात आणि 'उतरला आहे नकाशा' असा समज होतो. त्यानंतर आधी कधीच न पाहिलेल्या भागात नकाशा सरकवायचा, सर्वांत जवळचा झूम करायचा, समोच्च रेषा दिसतात का पाहायचं आणि जीपीएक्स फाइल उघडायची. पैसे भरून घेतलेलं ॲप असेल तर इथेच कळतं की ते उघडताना नेटवरून परवाना तपासायला जातं का.

शुक्रवार

आज दोनच कामं, पण चालताना फोन आपल्या वाटेची जी नोंद करत जातो ती अर्ध्यात तुटते ती बहुतेक वेळा यांच्यामुळेच.

अँड्रॉइडवर ॲपच्या माहितीत जाऊन लोकेशनची परवानगी पाहायची. 'अचूक स्थान' चालू हवं. नोंद करणाऱ्या ॲपला बॅटरीच्या रकान्यात `Unrestricted` द्यायचं. हे केलं नाही तर स्क्रीन बंद झाल्यावर थोड्या वेळाने फोन ते ॲप झोपवतो, आणि संध्याकाळी नकाशावर पायथ्यापासून पठारापर्यंत एक सरळ रेष मिळते. काही कंपन्यांच्या फोनमध्ये बॅटरी वाचवण्याची आणखी एक स्वतंत्र सोय असते, तिथेही सूट द्यावी लागते. सेटिंगवर विश्वास न ठेवता अर्धा तास खिशात फोन ठेवून चालून यायचं. रेषा अखंड आली तरच काम झालं.

दुसरं काम नोंदीच्या अंतराचं. दर ५ सेकंदांनी एक बिंदू ठेवला आहे. चढावर ताशी अडीच किलोमीटर वेगाने माणूस ५ सेकंदांत साडेतीन मीटर जातो, त्यामुळे नागमोडी वळणं नीट उमटतात. ३० सेकंद ठेवले तर सपाटीवर दोन बिंदूंमध्ये तेहतीस मीटर पडतात आणि वीस मीटरचं वळण नोंदीतून गायब होतं. मग मागे येताना ती रेषा झाडीतून आणि कातळावरून सरळ जाताना दिसते. अंतर एकावरून पाच सेकंदांवर नेल्याने बॅटरी विशेष वाचत नाही, कारण मधल्या वेळात जीपीएस चालूच असतं. बॅटरी खातो तो स्क्रीन, आणि रेंज शोधत बसलेला फोन.

शनिवार, सकाळी ६.३०, पायथा

रेंज संपण्याआधी, गाडीतच, नकाशा ॲप उघडून जागेचा निळा ठिपका स्थिर होऊ दिला आणि मगच फ्लाइट मोड लावला. फ्लाइट मोडमध्ये जीपीएस चालतं, कारण फोन उपग्रहांना काहीच पाठवत नाही, फक्त ऐकतो. मात्र उपग्रह नेमके कुठे आहेत हे त्याला कळावं लागतं. रेंज असताना ही माहिती नेटवरून क्षणात येते. नसताना ती उपग्रहाच्याच संथ संदेशातून घ्यावी लागते. एका उपग्रहाची स्वतःच्या जागेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते आणि साधारण चार तास उपयोगी पडते. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला मात्र साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून घळीच्या तोंडाशी फोन काढून 'ठिपका का येत नाही' म्हणत उभं राहण्यापेक्षा मोकळ्या आकाशाखाली तो आधीच आणून ठेवलेला बरा.

वेळेचा अंदाज: विल्यम नेस्मिथने १८९२ मध्ये दिलेला नियम अजून चालतो. तो मेट्रिकमध्ये आणला तर ५ किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाला आणखी एक तास. आजचे ११ किलोमीटर म्हणजे २.२ तास, ७८० मीटर चढ म्हणजे १.३ तास. एकूण साडेतीन. पाठीवर मुक्कामाचं ओझं आणि गट मिश्र असेल तर याच्या दीडपट धरावं, म्हणजे सव्वापाच तास चालण्याचे. ॲपने दाखवलेली 'पोहोचण्याची वेळ' बऱ्याचदा सपाटीच्या वेगावरून काढलेली असते. तिच्या भरवशावर अंधाराचं गणित करू नये.

शनिवार, ९.१५, चौथ्या किलोमीटरवरचा फाटा

सोंड इथे रुंद होते आणि गवतातून चार-पाच वाटा फुटतात. बहुतेक ढोरवाटा आहेत. मळलेल्या दिसतात, पण त्या पाण्याकडे आणि चराईकडे जातात, माथ्याकडे नव्हे. चकवा लागतो तो अशाच जागी.

फोन काढल्यावर ठिपका निळ्या रेषेपासून १४ मीटर बाजूला. वाट चुकली का? एवढ्यावरून सांगता येत नाही. मोकळ्या आकाशाखाली साधारण फोन पाचेक मीटरच्या आत जागा दाखवतो, पण ज्याने ती रेषा नोंदली त्याच्या फोनचीही तशीच चूक तिच्यात आहे, आणि झाडीखाली दोन्ही चुका वाढतात. पंधरा-वीस मीटरचा फरक म्हणजे काहीच नाही. दहा मीटर अंतराने समांतर जाणाऱ्या दोन वाटांपैकी आपण कोणत्या वाटेवर आहोत हे फोन सांगू शकत नाही.

ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळही नीट समजून घ्यावं. अँड्रॉइडवर त्याचा अर्थ असा की खरी जागा वर्तुळाच्या आत असण्याची शक्यता ६८ टक्के आहे. म्हणजे तीनातल्या एका वेळी आपण वर्तुळाच्या बाहेर असतो.

म्हणून एका आकड्यावर निर्णय न घेता ओळीने तीन आकडे घ्यायचे. उजवीकडची ठळक वाट धरून साठ-सत्तर पावलांनी एकदा, असं तीनदा पाहिलं. रेषेपासूनचं अंतर १५, मग २८, मग ४१. एकाच दिशेने वाढत चाललेलं अंतर म्हणजे वाट सुटली. योग्य वाटेवर हाच आकडा ८, १४, ९ असा वरखाली होत राहतो.

इथे नकाशावर रेषा डावीकडे जेमतेम चाळीस मीटरवर दिसते, आणि गवतातून सरळ आडवं जाऊन ती गाठण्याचा मोह होतो. ते करू नये. स्वतःच्या आज नोंदलेल्या रेषेवरून फाट्यापर्यंत परत यावं. आपण चालून आलो त्या जमिनीवर कडा नाही, घसरडा उतार नाही, हे पायांना माहीत असतं. मधल्या चाळीस मीटरबद्दल कोणालाच काही माहीत नसतं. सोंडेच्या कडेने जाताना तर चाळीस मीटरात दरी मावते.

फाट्यावर परत आल्यावर दिशा पाहताना आणखी एक गोष्ट. उभं राहिल्यावर नकाशावरचा बाण फोनमधल्या चुंबकीय होकायंत्रावर चालतो आणि फोनच्या कव्हरमधलं लोहचुंबक किंवा शेजारी धरलेली पॉवर बँक त्याला सहज फसवते. चालू लागल्यावर जीपीएस हालचालीवरून दिशा काढतं, ती चांगली असते. त्यामुळे बाण कुठे दाखवतो ते उभं राहून पाहण्यापेक्षा पंचवीस-तीस पावलं चालून ठिपका कुठे सरकला ते पाहावं.

शनिवार, १२.३०, विश्रांती

चाळीस मिनिटांच्या थांब्यात फोन खिशात राहिला आणि नोंद चालू राहिली. दर ५ सेकंदांनी एक म्हणजे ४८० बिंदू. प्रत्येक बिंदू आधीच्यापेक्षा दोन मीटर इकडेतिकडे पडला तरी जागचं न हलता जवळपास एक किलोमीटर 'चालणं' होतं. नकाशावर तिथे सुताच्या गुंत्यासारखा गोळा दिसतो. एकाच मार्गावर एकाचं ॲप ११ आणि दुसऱ्याचं १२.६ दाखवतं, त्याचं हे मोठं कारण. नोंदीच्या सेटिंगमध्ये किमान सरकण्याचं अंतर ५ मीटर ठेवलं तर गोळा बराच लहान होतो.

थांब्यावर नोंद 'पॉज' करायची का? माझं मत नाही. उठताना ती पुन्हा सुरू करायची राहून जाते आणि मग परतीच्या वाटेचा नेमका तोच तुकडा रेषेत नसतो. गोळा घरी गेल्यावर साफ करता येतो, न नोंदलेली वाट परत मिळत नाही.

शनिवार, संध्याकाळ, पठार, ११४० मीटर

आजची नोंद थांबवून जतन केली. रविवारची वेगळी फाइल. एकच लांब नोंद ठेवली आणि ॲप कोसळलं तर दोन्ही दिवस जाण्याची भीती असते.

बॅटरी: ५००० एमएएचच्या फोनमध्ये साधारण १९ वॉट-तास मावतात. १०,००० एमएएचची पॉवर बँक आतून ३.७ व्होल्टची असते, म्हणजे ३७ वॉट-तास. बाहेर ५ व्होल्टला चढवताना आणि फोनमध्ये भरताना होणारी गळती वजा जाता सत्तावीस-अठ्ठावीस उरतात. 'दोन वेळा पूर्ण चार्ज' असं वाटलं तरी प्रत्यक्षात दीड वेळाही जेमतेम. दोन फोन असतील तर एक पूर्ण आणि दुसरा अर्धा, असा हिशोब आधीच करावा. थंडीच्या रात्री फोन आणि बँक दोन्ही स्लीपिंग बॅगमध्ये. गार पडलेली बॅटरी वीस टक्क्यांवरून अचानक बंद पडते.

फोनमध्ये हवेच्या दाबावरून उंची दाखवणारा वायुदाबमापक असेल तर झोपण्यापूर्वी त्याची उंची ११४० वर लावून ठेवायची. सगळ्या फोनमध्ये तो नसतो. सेन्सरची यादी दाखवणाऱ्या एखाद्या ॲपमध्ये `Pressure` दिसतं का, हे घरीच पाहिलेलं बरं.

रविवार, ७.००

धुकं. वीस पावलांपुढचं दिसत नाही.

वायुदाबावरची उंची ११६४ दाखवते. रात्रभर कोणी हललेलं नाही, म्हणजे हवेचा दाब उतरला आहे. या उंचीवर १ हेक्टोपास्कल म्हणजे साधारण ९ मीटर, तेव्हा २४ मीटर म्हणजे पावणेतीन हेक्टोपास्कल. आकडा परत ११४० वर आणायचा. हे केलं नाही तर काय होईल ते आजच्या मार्गावर नेमकं सांगता येतं. `EXIT R 760` शोधत उतरताना पडद्यावर ७६० येईल तेव्हा आपण खरे ७३६ वर असू. उजवी वाट चोवीस मीटर वर मागे राहिलेली आणि कातळटप्प्याची कड सोळा मीटर खाली.

खिंडीत, १०८० वर, पुन्हा एकदा आकडा जुळवला. दाबावरून उंची काढताना ठरावीक तापमान गृहीत धरलेलं असतं. हवा त्यापेक्षा दहा अंश गरम किंवा गार असेल तर प्रत्येक उतरलेल्या मीटरमागे सुमारे चार टक्क्यांची चूक पडते. खिंडीत जुळवलं की मोजायचे राहतात फक्त ३२० मीटर, चूक तेरा मीटरपर्यंत. म्हणून शोध ७६० च्या एका आकड्यावर न ठेवता ७७५ पासून ७४५ पर्यंत ठेवायचा.

रविवार, ९.४०, घळ

दोन्ही बाजूंना शंभर मीटरच्या भिंती, रुंदी साठ मीटर. थोडं उतरताच ठिपका घळीतून उडून शेजारच्या सोंडेवर गेला, ५५ मीटर बाजूला. वर्तुळ मात्र १८ मीटरचं दाखवतंय. पाहणाऱ्याला वाटेल की आपण चुकीच्या घळीत उतरलो.

घडतंय ते असं. डोक्यावर आकाशाची फक्त एक पट्टी उरली आहे, त्यामुळे थेट दिसणारे उपग्रह कमी झाले. काही संदेश कातळावर आपटून येतात. जीपीएस अंतर मोजतं ते संदेशाला लागलेल्या वेळेवरून, आणि परावर्तित संदेश लांबच्या वाटेने येतो. एका सेकंदाच्या एक कोटीव्या भागाचा उशीर म्हणजे ३० मीटर. फोनला हा उशीर परावर्तनाचा आहे हे कळत नाही, म्हणून तो स्वतःच्या चुकीचा अंदाजही कमी देतो. अलीकडच्या काही फोनमध्ये एल-५ ही दुसरी लहर असते. ती परावर्तित संदेश जरा चांगले ओळखते, पण भिंतींआड झाकलेले उपग्रह तीही आणून देत नाही.

ठिपका उडी मारतोय हे ओळखायच्या खुणा साध्या आहेत. तो दहा सेकंदांत चाळीस मीटर जातो, जे घळीतल्या दगडांवरून कोणालाच शक्य नाही. आणि तो आडवा उडतो, भिंतीच्या दिशेने. दिसणारे उपग्रह पट्टीच्या लांबीवर पसरलेले असल्याने घळीच्या लांबीवरची जागा बऱ्यापैकी बरोबर येते, रुंदीवरची बिघडते. म्हणून ठिपका सोंडेवर दिसला तरी त्याच्यापासून घळीच्या रेषेवर मनातल्या मनात काटकोनात रेघ ओढायची. ती जिथे लागते तिथे आपण आहोत. ज्यांच्या फोनमध्ये वायुदाबमापक नाही त्यांनी इथे हीच युक्ती वापरावी. जीपीएसवरची उंची मोकळ्यावरसुद्धा आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते आणि घळीत तिचा भरवसा मुळीच धरू नये.

नकाशा बाजूला ठेवला आणि उंचीचा आकडा पाहत उतार सुरू ठेवला. ८२०, ८००, ७८०. इथून वेग कमी करायचा आणि गट उजव्या भिंतीला चिकटून उतरवायचा, कारण धुक्यात मधून चाललं तर उजवा काठ दिसतच नाही. ७६८ वर भिंत तुटते, मुरमाचा एक आडवा पट्टा बाहेर जातो आणि त्यावर झिजलेली पायवाट आहे. वाट सापडली, पण खात्री अजून नाही. घळीतून बाहेर पडून दीडशे पावलांवर आकाश मोकळं होतं, तिथे दोन मिनिटं थांबून ठिपका रेषेवर परत येतो का पाहायचं. तो येतो, नऊ मीटरवर. आता खात्री.

७४५ पर्यंत वाट मिळाली नसती तर आणखी खाली पाहायला जायचं नव्हतं. वळून ७८० पर्यंत चढायचं आणि काठ धरून पुन्हा एकदा उतरत यायचं. `STOP 720` ची खूण त्यासाठीच होती.

रविवार, १२.१५, सोंड

समोर दरी उघडते, आणि अशा जागी कधी कधी क्षणभर रेंज मिळते. फ्लाइट मोड एक मिनिट काढून घरी जागा कळवायची असेल तर एसएमएस पाठवावा. नेट चालण्याइतकी रेंज नसतानाही तो निघतो. जागा दशांश अंशांत, पाच घरांपर्यंत लिहावी. पाचवं घर म्हणजे साधारण एक मीटर, तिसरं म्हणजे शंभराच्या आसपास.

इथे एक चूक वारंवार होते. एका ॲपमध्ये अक्षांश `12°30.5'` असा दिसतो आणि घाईत तो `12.305` असा लिहिला जातो. पण साडेतीस मिनिटं म्हणजे ३०.५ भागिले ६०, म्हणून बरोबर आकडा `12.50833`. दोन्हींतला फरक ०.२०३ अंश आणि एक अंश अक्षांश सुमारे १११ किलोमीटर. शोधायला येणारे लोक साडेबावीस किलोमीटर दूर पोहोचतील. ॲपच्या सेटिंगमध्ये दशांश अंश हाच प्रकार निवडून ठेवावा आणि गटातल्या सगळ्या फोनवर तोच असावा.

सोमवार

रविवारची नोंद उघडल्यावर घळीतला तुकडा वाकडातिकडा, सोंडेवर उड्या मारणारा दिसतो. ही फाइल अशीच दुसऱ्याला दिली तर त्याला वाटेल, सोंडेवरून वाट आहे. म्हणून खिंड ते उजवा फाटा एवढे बिंदू पुसून घळीच्या मध्यातून हाताने थोडे बिंदू टाकले आणि वर्णनात तसं स्पष्ट लिहिलं. विश्रांतीचे गोळे काढले, गाडीतला सुरुवातीचा भाग आणि घराजवळचे बिंदू कापले. मूळ नोंद मात्र न बदलता वेगळी ठेवली आहे.

एकूण चढाचा आकडा फायलीत घालायचा तर थेट बिंदूंची बेरीज करू नये. दोन-तीन मीटरची प्रत्येक थरथर चढ म्हणून मोजली जाते आणि ७८० चे हजाराच्या वर जातात. खुणांच्या उंचीवरून काढलेला फरकच लिहावा. `EXIT R 760` चं नाव बदलून `EXIT R 765` केलं आणि टिपेत भर घातली: मुरमाचा आडवा पट्टा, उजवी भिंत धरून उतरल्यासच दिसतो, उंची खिंडीत १०८० वर जुळवून मोजलेली.